चौदाव्या होलचे चार

नातीला गोल्फमधलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि मास्तरांना नेमकं हेच हवं होतं. कोरी पाटी मिळाली की त्यांना उत्साह चढायचा. जन्मभर त्यांनी या क्लबात साहेब लोकांच्या बॅगा वाहिल्या, शेवटची बारा वर्षं नव्या कॅडींना काम शिकवलं, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. आज पहिल्यांदाच ते खांद्यावर काही न घेता, प्रेक्षक म्हणून पहिल्या होलच्या दोरीपाशी उभे होते.

"आजोबा, बाबांना किती गोल करायचेत?"

"गोल नाही गं बाई. इथे जितकं कमी तितकं चांगलं. चेंडू भोकात जाईपर्यंत काठीने किती फटके मारले, ते मोजायचं."

"मग मी एकाच फटक्यात टाकीन."

"टाक की. तोवर हा कागद धर." त्यांनी घडी घातलेला कागद आणि पेन्सिलीचा तुकडा तिच्या हातात दिला. कागदावर एक ते अठरा आकडे रात्रीच आखून ठेवले होते. "अशी अठरा भोकं. प्रत्येकाला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. जवळच्या होलला तीन, मधल्याला चार, लांबच्याला पाच. सगळे मिळून इथे बहात्तर."

"आणि बाबांना?"

"बाबांना शहात्तर चालतील. शहात्तर किंवा कमी. सत्त्याहत्तर झाले की घरी."

सहायक प्रशिक्षकाची जागा होती. पगार, गणवेश, नावाची पाटी. परीक्षा तीन वर्षांतून एकदा, वयाची अट चाळीस, आणि लेकाला पुढच्या महिन्यात चाळीस पुरी होत होती. क्लब बंद असायचा त्या सोमवारी कॅडींना खेळायची मुभा असे. तेवढ्या सोमवारांवर, साहेबांनी टाकून दिलेल्या काठ्यांनी, लेक हा खेळ शिकला होता. बॅग वाहणारा आजवर कुणी या जागेवर बसला नव्हता.

लेकाचे फटके कार्डावर लिहायला क्लबाने एक सभासद दिला होता. त्यांना पाहून मास्तरांच्या कपाळाला आठी पडली. चोवीस साहेब! लेकाने त्यांची बॅग अकरा वर्षं वाहिली होती.

"यांचं नाव चोवीस आहे?" नातीने विचारलं.

"हळू बोल. तो त्यांचा हँडिकॅप."

"म्हणजे?"

लेकाचा पहिला फटका सुटला, सरळ, गवताच्या मधोमध. दोघं दोरीच्या कडेने चालू लागली. मास्तरांनी घसा साफ केला.

"हे बघ, तू आणि बाबा धावायची शर्यत लावलीत तर कोण जिंकेल?"

"बाबा."

"मग त्यात मजा काय? म्हणून बाबा तुला दहा पावलं पुढे उभं करतात. तसंच इथे. साहेबांची नेहमीची कार्डं बघून, त्यातल्या चांगल्या खेळांवरून क्लब ठरवतो, की यांना पारपेक्षा साधारण इतके फटके जास्त लागतात. समज, चोवीस. मग स्पर्धेत ते शहाण्णव फटके खेळले तरी चोवीस वजा करायचे. राहिले किती?"

नातीने बोटांवर मोजलं. "बहात्तर!"

"शाब्बास. म्हणजे पार खेळल्यासारखंच. कच्च्यालाही पक्क्याशी खेळता यावं, म्हणून ही सोय."

"मग बाबांचे पण वजा करा ना थोडे."

"बाबांच्या परीक्षेत वजाबाकी नाही. मारले तेवढे मोजायचे."

एक गोष्ट त्यांनी सांगितली नाही. चोवीस साहेब खरं तर सोळाच्या आसपास खेळायचे. पण रोजच्या कार्डावर चाराचे पाच, पाचाचे सहा लिहून त्यांनी आपला हँडिकॅप चोवीसवर टिकवला होता. चषकाच्या दिवशी मात्र नीट खेळायचे आणि वर चोवीस वजा करून घ्यायचे. त्यांच्या दिवाणखान्यात सात चषक होते. कॅडींना सगळं ठाऊक होतं. पण कामावरच्या पहिल्या दिवशी मास्तर प्रत्येक कॅडीला बजावायचे, "साहेबांच्या कार्डात डोकवायचं नाही. साहेबांनी लिहिलं ते लिहिलं. आपण काठी पुसायची." स्वतःच्या लेकालाही त्यांनी हेच बजावलं होतं.

दुसऱ्या होलला पार चार होता, लेकाला पाच लागले.

"एक जास्त. याला बोगी म्हणतात. फुली मार. पारला शून्य काढ."

"आणि एक कमी लागला तर?"

"बर्डी. तेव्हा चिमणी काढ."

पाचव्याला आणखी एक फुली पडली. आठव्याला लेकाने लांबून जमिनीलगत ढकललेला फटका, म्हणजे पुट, वळण घेत भोकात गेला आणि नातीने कागदावर टम्म पोटाची चिमणी काढली. नऊ होल संपले तेव्हा दोन फुल्या, एक चिमणी.

"म्हणजे?" मास्तरांनी परीक्षा घेतली.

"दोन जास्त, एक कमी. एकच जास्त!"

"पोरगी आपल्यावर गेलीय," ते स्वतःशीच म्हणाले.

दहाव्याला बोगी. मग बारावा. पार तीनचा छोटा होल, मध्ये तळं. लेकाचा चेंडू काठावर आपटून डुबुक करून पाण्यात गेला.

"हा एक," नात पुटपुटली.

"आणि पाण्यात घालवल्याचा एक दंड. झाले दोन. आता तो मारेल तो तिसरा." तिसरा ग्रीनवर, भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर गेला, पुढे दोन पुट. पाच. "दोन जास्त. डबल बोगी. दोन फुल्या मार."

"मी मारत नाही."

"मारायच्या. आपलं माणूस आहे म्हणून कमी लिहायचं नाही."

तिने ओठ आवळून दोन फुल्या मारल्या. एकूण चार जास्त. आता एकही सांडायला जागा नव्हती.

चौदावा होल लांबचा, पार पाच. लेकाने तिसऱ्या फटक्यात चेंडू भोकापासून हातभर आणून ठेवला आणि चौथ्यात आत ढकलला. नातीने उडी मारली. मास्तरांनी तिच्या तोंडावर हात ठेवला, पण त्यांचेच डोळे भरून आले होते. ग्रीनच्या कडेला चोवीस साहेब फोनवर कुणाशी तरी प्लॉटबद्दल बोलत होते. फोन खांद्यात दाबून त्यांनी खिशातून कार्ड काढलं, काहीतरी लिहिलं, परत खिशात घातलं.

सोळाव्याला बोगी, सतराव्याला पार. अठराव्याला पार चार, म्हणून चौथा फटका भोकात जायलाच हवा होता आणि चेंडू चार पावलांवर होता. लेक वाकला, पुन्हा उठला, पुन्हा वाकला. मास्तरांनी डोळे मिटून घेतले. आवाज आला. भोकाच्या तळाशी चेंडू पडतो तो आवाज त्यांनी हजारदा ऐकला होता, पण इतका गोड कधी लागला नव्हता.

"शहात्तर! आजोबा, शहात्तर!"

क्लबहाउसच्या पडवीत एक टेबल, दोन खुर्च्या आणि समोर क्लबचे सेक्रेटरी. चोवीस साहेबांनी कार्डावर सही ठोकली आणि ते लेकाकडे सरकवलं. "जिंकलास लेका! कर सही."

लेकाने पेन घेतलं. बेरीज त्याच्या डोक्यात पक्की होती. त्याने कार्डावरच्या आकड्यांकडे पाहिलंही नाही. नजर आपोआप बाजूला गेली, अकरा वर्षं जात होती तशी. खालच्या रेघेवर सही केली आणि कार्ड सेक्रेटरींच्या हातात दिलं. दोरीपलीकडून हे पाहताना मास्तरांना काहीतरी खटकलं, पण काय ते उमगेपर्यंत उशीर झाला होता.

सेक्रेटरींनी बेरीज केली. पुन्हा केली. "सत्त्याहत्तर," ते म्हणाले.

"नाही हो काका!" नात दोरीखालून घुसलीच. "शहात्तर. हे बघा, माझ्याकडे आहे ना."

सेक्रेटरी माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिचा कागद कार्डाशेजारी ठेवला आणि एकेक होल ताडून पाहिला. चौदाव्यापाशी बोट थांबलं. कागदावर चिमणी होती, कार्डावर पाच.

"साहेब, चौदाव्याला किती?"

"चौदाव्याला?" चोवीस साहेबांनी डोकं खाजवलं. "अरे हो, चारच की! फोन चालू होता ना... हात सवयीने गेला." ते हसले. मग कुणीच हसत नाही हे पाहून म्हणाले, "करा दुरुस्त. मी कबूल करतोय ना."

"नाही करता येत." सेक्रेटरींनी चष्मा काढला. "बेरीज चुकली असती तर ती माझी जबाबदारी. पण प्रत्येक होलचा आकडा बरोबर आहे हे खेळाडूने बघायचं आणि मग सही करून द्यायची. खऱ्यापेक्षा कमी लिहिलं असतं तर बाद केलं असतं. जास्त लिहिलं, तर जास्तच धरायचं. नियम आहे."

"पण मारले चारच," नात म्हणाली. "सगळ्यांना माहितीय."

"हो बाळ. मारले चारच."

 काठ्या पुसायचं फडकं लेकाच्या कमरेला लटकत होतं, ते काढून त्याने उगाच हात पुसले. मास्तर त्याच्यापाशी गेले.

"अरे, एकदा वाचायचं तरी!"

"अण्णा," लेक शांतपणे म्हणाला, "वाचायचं नाही हे मला कुणी शिकवलं?"

मास्तर मागच्या मागे बाकावर बसले.

"वाईट झालं रे," चोवीस साहेब लेकाच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत असावं, कारण लगेच म्हणाले, "तुझ्याशिवाय मला दुसरा कॅडी चालत नाही, तेवढं तरी बरं झालं. उद्या सातला ये. रविवारी चषक आहे, थोडा सराव करू."

लेकाने फडकं परत कमरेला खोचलं. "येतो साहेब." त्याने वाकून त्यांची बॅग उचलली, कारण ती तिथेच पडली होती आणि उचलायची सवय होती, आणि गाड्यांच्या दिशेने चालू लागला.

नात बाकावर येऊन बसली. कागद तिने मुठीत चुरगळला होता.

"आजोबा, मी चिमणी खोडू?"

"खोडायची नाही."

"मग काय करू? यांनी तर घेतली नाही."

मास्तरांनी तिच्या मुठीतून कागद घेतला, मांडीवर ठेवून तळहाताने सारखा केला. मग म्हणाले, "एक शिकवायचं राहिलं होतं. खाली तुझी सही कर. पण त्याआधी एकेका होलवर बोट ठेव आणि किती लागले ते वाच. मोठ्याने. कुणीही समोर उभं असलं तरी."

तिने बोट ठेवलं. "एक, चार. दोन, पाच. तीन..."

तिचा आवाज पडवीतून बाहेर जात होता. गाडीच्या डिकीत बॅग ठेवणारा लेक वाकलेलाच राहिला. चोवीस साहेब गाडीत बसून किल्ली शोधत होते.

"तेरा, चार," नात वाचत होती. "चौदा, चार."

लेकाने डिकी लावली आणि तो पडवीकडे वळला.