शून्य मिनिटांची बैठक

रेघ एका ठिपक्याएवढी रुंद होती. रंग पिवळा. पडदा पुसूनही गेली नाही, तेव्हा ती धूळ नाही हे सिद्ध झालं.

आमची तिघांची टीम आहे. वेगवेगळ्या देशांत विखुरलेल्या लोकांना बैठकीची वेळ शोधून देणारा प्लॅनर आम्ही बनवतो. प्रत्येक माणसाची एक आडवी पट्टी असते. त्याच्या कामाचे तास हिरवे, म्हणजे नऊ ते पाच. सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ पिवळे: जमेल, पण कुरकुरत. बाकी सगळं राखाडी, त्या वेळी माणसाला हात लावायचा नाही. सगळ्या पट्ट्या एकाखाली एक, तोच क्षण एका रेषेत येईल अशा सरकवून लावल्या की तळाच्या पट्टीत सगळ्यांची समाईक वेळ दिसते.

आमच्या तिघांची तळाची पट्टी कोरी होती. पहिल्या दिवसापासून.

मुकादम आमचा प्रमुख. मी त्याच्यापेक्षा दहा तास पुढे राहते. रंगारी, म्हणजे पडद्यावरचे रंग आणि आकार ठरवणारा, त्याच्यापेक्षा आठ तास मागे. दोघादोघांचं जमतं. माझी संध्याकाळ ती मुकादमाची सकाळ. मुकादमाची संध्याकाळ ती रंगारीची सकाळ. रंगारी काम आटोपत आणतो तेव्हा माझ्याकडे दुसरा दिवस उजाडून मी कामाला बसलेली असते. तिघांचं मात्र कधीच जमत नाही. त्यामुळे दोघांनी ठरवायचं, तिसऱ्याने मोडायचं, असं आठ महिने चाललं होतं.

मोडायचं काय, तर एकच गोष्ट. समाईक वेळच नसेल तेव्हा प्लॅनरने काय सांगायचं? सध्या तो काहीच सांगत नसे. कोरी पट्टी बघून लोकांना वाटे, बिघडला. मुकादमाचं म्हणणं, काहीतरी वेळ दाखवायचीच, गिऱ्हाईक रिकाम्या हाताने जाता कामा नये. रंगारीचं म्हणणं, एक उदास चेहरा काढू. माझं म्हणणं मला कुणी विचारलं नव्हतं, कारण मी चाचणी करते. मुकादम मला तपासनीस म्हणतो. असले निर्णय पत्रांतून होत नसतात, तोंडाने व्हायला हवेत, सगळे हजर हवेत, असा त्याचा दंडक होता. आणि शुक्रवारी नवी आवृत्ती बाहेर पडायची होती.

तर त्या कोऱ्या पट्टीत उगवलेली ती रेघ. मुकादमाची पिवळी संध्याकाळ रात्री नऊला संपते. त्याच क्षणी माझ्याकडे दुसऱ्या दिवसाचे सात वाजतात आणि माझी पिवळी सकाळ सुरू होते. रंगारीकडे तेव्हा दुपारचा एक, म्हणजे भर हिरवा. एकाचं संपणं आणि दुसऱ्याचं सुरू होणं एकमेकांना टेकतं, इतकंच. दोन खोल्यांमधल्या सीमेला कुणी तिसरी खोली म्हणत नाही. पण प्रोग्रॅममध्ये जिथे ‘पेक्षा लहान’ लिहायचं तिथे ताज्या दुरुस्तीत ‘लहान किंवा समान’ पडलं होतं. म्हणून नुसतं टेकणंही समाईक वेळेत धरलं गेलं. वर बारीक पट्टे नजरेतून सुटू नयेत म्हणून कुठलाही पट्टा किमान एक ठिपका रुंद काढायचा, असा रंगारीचा नियम. शून्य लांबीची वेळ अशी पडद्यावर अवतरली.

मी त्या चुकीची नोंद लिहीतच होते, तेवढ्यात मुकादमाचं आमंत्रण येऊन धडकलं.

“मिळाली! तिघांनाही जमणारी वेळ मिळाली! गुरुवारी सकाळी सात (तपासनीस), बुधवारी रात्री नऊ (मी), बुधवारी दुपारी एक (रंगारी). मी म्हणत नव्हतो, शोधलं की सापडतं?”

खाली प्लॅनरने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: कालावधी ० मिनिटं.

मी लिहिलं, “मला चालेल.” बोटांनी लिहिलं, असं म्हणणं जास्त अचूक होईल. पाठवल्यावर मी माझीच चूक-नोंद पुन्हा वाचली.

“काय गं, चालेलबाई?” पलीकडून आई म्हणाली. घरात माझं हेच नाव आहे. “आता कशाला हो म्हणालीस?”

“बैठकीला.”

“किती वेळाची?”

“शून्य मिनिटांची.”

आईने विचार केला. “बरं आहे. लवकर आटपेल.”

गुरुवारी आम्ही दोघी पोहून आलो होतो. आईने अडुसष्टाव्या वर्षी पोहायला शिकायचं काढलं आहे. नवशिक्यांची वेळ सहा ते साडेसहा, आणि साठीच्या पुढच्यांना सोबत कुणीतरी पाण्यात असल्याशिवाय उतरू देत नाहीत. ती सोबत मी. चार महिने आई तलावाचा काठ घट्ट धरून पाय मारत होती. शिक्षिका म्हणायची, मावशी, भिंत कुठे पळून जात नाहीये. त्या सकाळी तिने पहिल्यांदा काठ सोडला. मोजून एक श्वास. मग माझ्या खांद्याला असा विळखा घातला की मीच बुडता बुडता वाचले. पण सोडला. सातला पाच कमी असताना ती स्वयंपाकघरात कपाळावर रबरी टोपीचा वळ घेऊन चहा गाळत होती आणि उद्या दोन श्वास काठ सोडणार असल्याचं सांगत होती.

मी टेबलावर लॅपटॉप उघडला.

बैठकीची खोली आमचा प्लॅनरच उघडतो आणि ठरलेल्या वेळी बंद करतो. सात वाजले. खोली उघडली. मुकादम कोट घालून बसलेला दिसला, रंगारी सँडविच खाताना. मुकादम म्हणाला, “तर मंडळी—”

पडद्यावर आलं: बैठक संपली. सहभागाबद्दल आभार.

मुकादमाने पुन्हा आमंत्रण पाठवलं. त्याच रेघेवर. ती वेळ उलटून गेल्यामुळे खोली उघडताक्षणी संपायची. आम्ही परत आत गेलो.

“तर मुद्दा असा—”

बैठक संपली. सहभागाबद्दल आभार.

तिसऱ्या खेपेला रंगारीचं सँडविच तेवढं दिसलं.

“फार शिस्तीचे लोक,” आई म्हणाली. “आमच्या सोसायटीच्या सभेला हेच यंत्र लावा.”

मग फोन वाजला. मुकादमाने तिघांना साध्या फोनवर जोडलं होतं. त्याचा आवाज कुजबुजता आणि घुमल्यासारखा येत होता.

“तुम्ही विहिरीत आहात का?” रंगारीने विचारलं.

“न्हाणीघरात. नऊनंतर फोन खणात ठेवायचा, असा घरात कायदा आहे. हळू बोला. तपासनीस, ऐकू येतंय?”

हातात चहा असल्यामुळे मी फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. “येतंय. मुकादम, ती रेघ म्हणजे वेळ नाही हो. ती चूक आहे. मी नोंद टाकलीये.”

“वाचली. पण चूक कामाची आहे! तिघं आलो की नाही एकत्र?”

“आणि हाकलले गेलो,” रंगारी म्हणाला.

“म्हणून ती जरा रुंद करायची. हे बघा, येत्या रविवारी आमच्याकडे घड्याळं एक तास पुढे जातायत. म्हणजे आपसूक सगळ्यांना एक तास मिळेल.”

“मिळणार नाही, जाईल,” मी म्हणाले. “तुमचं घड्याळ पुढे गेलं की तुमचे नऊ एक तास आधी वाजतील. आमच्या दोघांच्या देशांत घड्याळं हलत नाहीत. म्हणजे तुमचे नऊ तेव्हा माझे सहा. मी तेव्हा राखाडी. आत्ता निदान टेकतोय, मग मध्ये तासाची फट पडेल.”

न्हाणीघरात पाण्याचा एक थेंब पडलेला ऐकू आला.

“मग तर सोपंच आहे,” मुकादम म्हणाला. “मी नऊच्या पुढे जाऊ शकत नाही, तुम्ही माझी अवस्था ऐकताय. तू सहाला दिवस सुरू कर, आठला संपलो तरी तुझा सगळा दिवस मोकळा! रोज नाही, दर गुरुवारी. फार तर मंगळवारी पण.”

“तुम्ही नऊला फोन खणात ठेवणार, मग सहा ते आठ मी कुणाशी बोलू?”

“बरं, पाच ते सहा.”

चहाचा कप आईच्या हातात थांबला.

“आणि ऐका,” मुकादम रंगात आला, “आपला आठ महिन्यांचा प्रश्नही इथेच सुटतो! समाईक वेळ नसली की प्लॅनरने बघायचं, आजवर कोण सगळ्यात जास्त वेळा हो म्हणालंय, आणि त्याचा दिवस ताणायचा. नाव ठेवू लवचीकपणा. रंगारी, आपला आकडा काय येतो?”

टकटक ऐकू आली. “तुमचा एकोणीस टक्के. माझा बावीस,” रंगारी म्हणाला. “तपासनीसचा शंभर.”

“बघा! यंत्रालासुद्धा कळतं.”

रंगारी म्हणाला, “म्हणजे जगात जो नाही म्हणत नाही, त्याला आपण शोधून उठवणार.”

“उठवणार नाही रे. सुचवणार.”

“माझा उदास चेहरा यापेक्षा बरा होता.”

“तपासनीस, तुला चालेल ना?” मुकादमाने विचारलं. प्रश्न नव्हताच तो. त्याने पुढच्या मुद्द्यासाठी श्वासही घेतला होता.

माझ्या तोंडात ‘मला’ येऊन बसलं होतं. आई माझ्याकडे बघत नव्हती. तिने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, तलावाचा काठ धरते तशी. मग माझ्याकडे न बघताच ती एकेक बोट सोडायला लागली. करंगळी. अनामिका. ओल्या केसांतून तिच्या मानेवर पाणी ओघळत होतं.

“तपासनीस? आहेस ना? इथे कुणीतरी दार वाजवतंय, लवकर बोल.”

“आहे,” मी म्हणाले.

आईचे दोन्ही हात हवेत होते.

“समाईक वेळ नसली की प्लॅनरने सांगायचं, समाईक वेळ नाही. पट्टीवर, मोठ्या अक्षरांत. कुणाचा दिवस ताणायचा नाही. खाली लिहायचं, भेटायचंच असेल तर राखाडीत कोण येणार ते पाळीपाळीने ठरवा, आणि पुढची पाळी कुणाची ते नावानिशी दाखवायचं. पहिलं नाव तुमचं, मुकादम. सकाळी पाच ते सहा मला चालणार नाही. सहाला मी पाण्यात असते.”