रसायनांची अ‍ॅलर्जी

मोठ्या जावेच्या मुलीला दहावीला ब्याण्णव टक्के, आपल्या लेकीला एक्क्याऐंशी. निकाल लागल्यापासून ही अकरा टक्क्यांची फट तिच्या डोळ्यांत सलत होती. पुतणीने सायन्स घेतल्याचं कळताच तिनेही हट्टाने लेकीला त्याच कॉलेजात सायन्सला घातलं. लेक कॉमर्स कॉमर्स करत होती, पण ऐकतंय कोण.

तीन आठवड्यांत पोरीचं तोंड एवढंसं झालं. फिजिक्सचं पुस्तक उघडलं की डोळे भरायचे. शेवटी, शाखा बदलायची मुदत संपत होती त्याच दिवशी, मायलेकी कॉलेजच्या ऑफिसात उभ्या राहिल्या.

"कॉमर्सला एकच जागा उरलीय," क्लार्क म्हणाले. "मार्कशीटची प्रत, फीची पावती, पालकांची सही लागेल. आणि कारण नीट लिहा. नुसतं 'झेपत नाही' लिहिलं की बाई परत पाठवतात, अजून प्रयत्न कर म्हणून."

अर्ज तिने घरूनच लिहून आणला होता. कारण काय, तर प्रयोगशाळेतल्या रसायनांची अ‍ॅलर्जी. जावेला सांगायलाही बरं. पोरगी कुठे कमी पडली नाही, शिंका आडव्या आल्या.

प्रिन्सिपॉलबाईंनी अर्ज वाचला. "डॉक्टरांचं सर्टिफिकेट?"

"उद्या आणते."

"मुदत आज संपतेय. आणि अकरावीची प्रॅक्टिकल्स अजून सुरूच झालेली नाहीत हो. रसायनं कुलपात आहेत. ही शिंकली कुठे?"

तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"शिवाय हे अक्षर मुलीचं नाही," बाई म्हणाल्या. त्यांनी कोरा कागद लेकीपुढे सरकवला. "तू लिही. कॉमर्स का हवंय, आणि सायन्स का घेतलं होतंस तेही. नाहीतर महिन्याने परत सायन्स मागत येशील."

लेक भराभर लिहू लागली. गणितात चौऱ्याण्णव, विज्ञानात अडुसष्ट, पुढे सीए करायचं आहे. मग 'सायन्स घेतलं कारण' इथे पेन थांबलं. तिने आईकडे पाहिलं.

आई म्हणाली, "लिही. चुलत बहिणीने घेतलं म्हणून आईने घ्यायला लावलं."

"नक्की?"

"लिही गं बाई. सही मलाच करायचीय."

प्रिन्सिपॉलबाईंनी वाचलं, हसल्या नाहीत. खाली 'मंजूर' लिहून सही केली. ती शेवटची जागा लेकीची झाली.

बाहेर व्हरांड्यात पुतणी भेटली, प्रॅक्टिकलसाठी नवा पांढरा कोट घालून बघत होती. मेला शोभूनही दिसत होता.

"काकू, तुम्ही इकडे?"

शिंका अगदी ओठांवर आल्या होत्या. "हिला कॉमर्सच हवं होतं," ती म्हणाली. "मीच अडवून ठेवलं होतं. आईला सांग तुझ्या."

पुतणी वळली, तेवढ्यात काकूला राहवलं नाही.

"काय गं, परवाच्या चाचणीत किती पडले तुला?"

"आई," लेक म्हणाली आणि तिचा हात धरून तिला जिन्याकडे ओढू लागली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच हसत होती.