न तडकणारी चूल

"या गिरणीत ॲस्बेस्टॉसचा कण नाही, आणि मी मॅनेजर आहे तोवर तो उंबरठा ओलांडणार नाही," असं गुणवंतरावांनी जाहीर केलं आणि वाक्याला भक्कमपणा यावा म्हणून मागच्या वाफेच्या नळाला पाठ टेकली. पुढे सरकले तेव्हा नव्या निळ्या सफारीच्या पाठीवर पांढरी भुकटी उमटली होती.

"झटकू नका," कारखाने निरीक्षक वामनराव म्हणाले. "उभे राहा तसेच."

चंद्रपूरहून आलेल्या या माणसानं फडकं ओलं केलं, मॅनेजरची पाठ हलक्या हातानं पुसली आणि फडकं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधलं. गुणवंतरावांची आजवर कुठल्याही सरकारी माणसानं एवढी काळजी घेतली नव्हती. म्हणूनच त्यांना भीती वाटली.

गिरणी ब्रह्मपुरीच्या वाटेवरची. धान वाफवून तांदूळ काढायची, म्हणून बायलर आणि नळांचं जाळं. कित्येक वर्षं बंद होती, सहकारी संस्थेनं घेतली, आणि दसऱ्याला सुरू करायचं असं गुणवंतरावांनी अध्यक्षांना वचन दिलं होतं. हार, बँड, मांडव, सगळं सांगून झालं होतं.

"ॲस्बेस्टॉस म्हणजे छपराचे नागमोडी पत्रे," ते म्हणाले. "आमच्या छपरावर तर कवेलू आहेत, मातीचे."

"पत्र्यात तो सिमेंटात बांधलेला असतो. तोडला, कापला नाही तर बराचसा गप्प बसतो. हा नळावरचा लेप बोटानं भुगा होतो. याचे तंतू डोळ्याला दिसत नाहीत, नाकाला कळत नाहीत, आणि छातीत गेले की बाहेर येत नाहीत."

वामनरावांनी मग प्रत्येक खोली पाहिली. बायलरच्या दारावरची दोरी, नळाच्या जोडांमधल्या चकत्या, भट्टीमागचा पुठ्ठा. संशय आला की नकाशावर खूण. तोंडाला मास्क लावून लेपाच्या जागी आधी पाणी फवारलं, वरपासून आतल्या लोखंडापर्यंतचा छोटा तुकडा काढून डबीत घातला, डबी पिशवीत घातली, आणि भोकावर चिकटपट्टी मारली.

"नुसतं पाहून सांगता येत नाही. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. अहवाल येईपर्यंत आहेच असं धरायचं. काम बंद."

"आणि नसला तर?"

"तर तुमचे थोडे दिवस वाया गेले. असला आणि काम चालू ठेवलं, तर काय वाया जाईल ते वीस-तीस वर्षांनी कळेल."

मागच्या कोपऱ्यात एका नळाचं लोखंड उघडं होतं. वामनराव तिथं थांबले. "इथला लेप कुठे गेला?"

ते काम मागच्या महिन्यात मिस्त्री लहानूनं हातोड्यानं कोरडंच केलं होतं. लहानू गुणवंतरावांकडे बघत होता आणि गुणवंतराव कवेलूंकडे.

"पावसात विरघळला असेल, साहेब," गुणवंतराव म्हणाले.

"हा विरघळत नाही. जळतही नाही. म्हणून तर नळाला लावतात."

"मग गेला असेल कुठीतरी," ते म्हणाले, आणि तोंडात नकळत गावची बोली आली म्हणून आणखी गडबडले.

तो कुठे गेला होता ते त्यांना चांगलं ठाऊक होतं. न जळणारी, न तडकणारी फुकटची माती कोण टाकून देतं? एक पोतं त्यांनी स्वतः सायकलवर घरी नेलं होतं.

वामनराव जायला निघाले, तर बस अजून यायची होती, आणि गुणवंतरावांचं घर समोरच. त्यांना टाळावं कसं या विचारात गुणवंतराव दारात उभे राहिले, तेवढ्यात त्यांच्या आईनं, रुखमाबाईनं, आतून हाक मारली. "साहेबाले उभं काऊन ठेवलं रे? बसू दे. च्या टाकून राह्यली."

वामनराव बसले. समोर चूल होती, गुळगुळीत, पांढरीफेक. रुखमाबाई फुंकणीनं निखारा फुलवत होती. धुरासारखं काहीतरी उडालं ते उजेडात चमकलं. शेजारी सात वर्षांची नात कमळा कुंच्यानं राख गोळा करत होती.

"बाई, चूल फार छान आहे."

गुणवंतरावांनी खोकून इशारा केला. आईला तो प्रोत्साहनाचा वाटला.

"पाहा ना. दर साली तडकायची. गुणवंतानं गिरणीतली माती आणली, कोंडा घालून सारवली, आता भेगच नाई. शेजारच्या बायनाबाईलेबी टोपलंभर देलं. गुणी आहे माया पोरगा."

गुणी पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"आता फुंकणी नको," वामनराव म्हणाले. "कुंचा नको. आणि मुलीला इथून उठवा."

"च्यानं काई होते काय?"

"चहानं नाही. फुंकल्यानं, झाडल्यानं. जे उडतं, ते श्वासात जातं, आणि वीस-तीस वर्षांनी छातीचा रोग होऊन उठतं."

"वीस वर्सानं ना? तवर म्या थोडीच राहतो, भाऊ."

"तुम्ही नाही," वामनराव म्हणाले. एवढंच.

रुखमाबाईनं नातीकडे पाहिलं. मग फुंकणी खाली ठेवली, अगदी हळू, जशी ती अंडी ठेवायची.

त्यानंतर गुणवंतरावांना कुठेच बसवेना. गिरणीत गेले की नळ दिसे, घरी आले की चूल. चुलीवर ओलं पोतं टाकलेलं होतं आणि स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर व्हायचा. अध्यक्षांचा माणूस रोज विचारी, दसरा होणार ना? ते म्हणत, दसरा होईलच, गिरणीचं सांगता येत नाही. झोपेत कमळा शिंकली तरी ते उठून बसत. लहानूला पाहिलं की रस्ता बदलत. शेवटी एक दिवस रस्ता संपला आणि त्यांनीच लहानूला बसमध्ये घालून गडचिरोलीला छातीचा फोटो काढायला नेलं. फोटो साफ निघाला. डॉक्टरनं सांगितलं, हा आजच्यासाठी साफ आहे, दर वर्षी येत जा.

अहवाल आला. आहे.

वामनराव सामान आणि माणसं घेऊन आले. आता कायदाही त्यांच्या बाजूला होता. गेल्याच वर्षी, म्हणजे १९८७ साली, कारखान्यांच्या कायद्यात घातक कामांचं नवं प्रकरण आलं होतं. बायलर थंड. दारं-खिडक्या जाड प्लास्टिकनं बंद, बाहेर पाटी, कामाशिवाय आत कोणी नाही. मास्क चेहऱ्याला घट्ट बसायला हवा, रुमाल चालणार नाही.

"आणि दाढीही," वामनराव लहानूकडे पाहून म्हणाले. "केसांतून हवा शिरते."

"नवसाची आहे, साहेब."

"कुणाचा नवस?"

"पोराचा." लहानूनं थोडा विचार केला. "पण पोरगा झालाय."

दाढी गेली. लेपाला साबणाच्या पाण्यानं भिजवून भिजवून, हातोड्यानं नव्हे तर सुरीनं कापून, तुकडा खाली न पडू देता थेट पिशवीत. पिशवीवर दुसरी पिशवी, वर धोक्याची चिठ्ठी. कोरडा झाडू बंद, सगळं ओल्या फडक्यानं. कामाचे कपडे तिथंच उतरायचे, आंघोळ करूनच घरी. पिशव्या ठरवून दिलेल्या खड्ड्यात, वर माती, वर पाटी.

मग मास्क लावलेली तीच मंडळी गुणवंतरावांच्या घरात शिरली. बायनाबाई दारात उभी राहून म्हणाली, "रुखमाबाई, तुयी चूल मेली का वो? लय मोठी मयत निघाली."

"तुयीबी मरतेच आता," रुखमाबाई म्हणाली. "रांगेत उभी राह्य."

चूल भिजली, तुकड्यातुकड्यानं पिशवीत गेली. जमीन दोनदा पुसली गेली. काम संपेपर्यंत अंगणातले तीन दगडही थंड होते. गुणवंतरावांनी मास्कातून दसऱ्याचं काय असं विचारलं. वामनराव म्हणाले, हवेचा नमुना साफ आला तर दिवाळी. गुणवंतराव आंघोळ करून, कपडे बदलून पहिल्यांदाच बाहेरच्या ओट्यावर बसले. कमळा त्यांच्या मांडीवर येऊन बसली आणि ते हलले नाहीत.

वामनरावही आंघोळ करून आले. कायद्याची पुस्तकं पिशवीत भरली, शेजारी आपला डबा ठेवला. जाण्याआधी या माऊलीला काहीतरी समजावून सांगावं असं त्यांना वाटलं. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, आज तुम्ही जे केलंत, त्याचं मोल पुढच्या पिढीला—"

"हो जी," रुखमाबाई डब्याकडे बघत म्हणाली. "पण चूल तर तुमी नेली, अन् गुणवंता सकाळपासून उपाशी आहे. डब्यात येखांदी पोळी उरली असन तं द्या ना."