दुसरी भोवळ

मावशी चौदा वर्षं एका मोठ्या रुग्णालयात ईसीजी काढत होती. रोज तीस-चाळीस माणसं तिच्या खोलीतल्या अरुंद खाटेवर झोपून उठायची. हातापायांना चिमटे, छातीवर सहा रबरी फुगे, मग यंत्रातून सरसरत येणारी ती लाल चौकटींची पट्टी. पट्टी वाचायचं काम डॉक्टरांचं. पण एवढ्या वर्षांत नजर बसते, आणि मावशीची चांगलीच बसली होती. घरच्यांच्या लेखी तर ती अर्धी डॉक्टरच. कुणाचा घसा दुखला, कुणाची पाठ धरली, की आधी फोन तिला.

तिच्या थोरल्या बहिणीला दोन मुली. मोठीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालली असं कुणी कधी पाहिलंच नव्हतं. पंधराव्या वर्षी ती शाळेच्या धावण्याच्या संघात होती आणि चारशे मीटर हा तिचा हक्काचा पल्ला होता.

भिंगरीला पहिली भोवळ आली ती मावशीच्या डोळ्यांसमोर. ताप रेंगाळला म्हणून ताई तिला रक्त तपासायला रुग्णालयात घेऊन आली होती. उपाशीपोटी, रांगेत अर्धा तास उभी. सुई टोचली, नळीत लाल रंग चढला, आणि ती म्हणाली, "मावशी, कानात गुंई होतंय गं. सगळं काळं काळं दिसतंय." चेहरा कागदासारखा पांढरा, कपाळावर घाम. मावशीनं तिला अलगद जमिनीवर आडवं केलं, पाय उचलून स्टुलावर ठेवले. अर्ध्या मिनिटात पोरीनं डोळे उघडले आणि पहिला प्रश्न केला, "माझ्याकडे कोण कोण बघत होतं?"

मावशीनं ताईला बाकावर बसवलं.

"अगं, काही नाही हे. रक्त बघून, घाबरून, फार वेळ उभं राहून असं होतं पुष्कळांना. नाडी मंदावते, रक्तदाब उतरतो, डोक्याला रक्त कमी पडतं. आडवं झालं की आपोआप भरून येतं. तिनं आधी सांगितलं की नाही, कानात गुंई होतंय म्हणून? शरीर आधी घंटा वाजवतं."

हे सगळं खरं होतं. त्या भोवळीबद्दल मावशी चुकली नव्हती. ताईनं विचारलंही, "तुझ्या त्या यंत्रावर बघायचं का एकदा?" बाहेर अकरा जण ताटकळले होते. मावशी म्हणाली, "ताई, सुईला घाबरल्याचा ईसीजी काढला तर डॉक्टर मला हसतील." भोवळ आलेल्या प्रत्येकाचा एकदा तरी काढावा असा तिच्याच खोलीतला नियम होता. घरचं माणूस म्हणून तिनं तो बाजूला ठेवला.

तीन महिन्यांनी ताईचा फोन आला तेव्हा मावशी एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या छातीवर फुगे लावत होती. फोन खांद्यात धरून ती बोलली.

"पुन्हा तेच झालं गं," ताई म्हणाली. "मैदानावर पडली. हनुवटी फुटली, तीन टाके घातलेत. आता बरी आहे, भूक लागली म्हणते."

"सकाळी काही खाल्लं होतं?"

"एक केळं."

"ऊन होतं?"

"होतं की."

"मग झालं तर. मीठ-साखर घालून पाणी दे, दोन दिवस पळू देऊ नकोस. आणि त्या मैदानावरच्या बाईंना सांगून ठेव, पुन्हा पडली तर घाबरू नका म्हणावं. आडवं करा, पाय वर करा, येते शुद्धीवर."

मग भिंगरीनं फोन हिसकावून घेतला. "मावशी, या वेळी गंमतच झाली. गुंई नाही, अंधार नाही, काही कळलंच नाही. वळणावर जोरात पळत होते, आणि एकदम आकाश दिसलं."

"आकाश बघायला जमिनीवर पडावंच लागतं का गं, बये?" मावशी म्हणाली. दोघी हसल्या. यंत्रातून म्हाताऱ्या गृहस्थांची पट्टी सरसरत बाहेर आली.

शेजारच्या खोलीतले हृदयाचे डॉक्टर भोवळ येऊन आलेल्या प्रत्येकाला ठरलेले प्रश्न विचारत. पडलात ते धावताना की थांबल्यावर? आधी मळमळ, घाम, अंधारी काही आलं का, की दिवा बंद केल्यासारखं एकदम? छाती धडधडली का? घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? पातळ भिंतीतून हे प्रश्न मावशीच्या कानावर इतक्या वेळा पडले होते की तिला ते झोपेतही म्हणता आले असते. ज्याला आधी चाहूल लागते तो बहुतेकदा हात पुढे टाकतो, भिंत धरतो. भिंगरी सरळ हनुवटीवर पडली होती. मावशीनं यातलं काहीही विचारलं नाही. पहिल्या भोवळीचं उत्तर तिच्याजवळ तयार होतं, तेच तिनं दुसरीला दिलं.

त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी, सकाळी साडेआठला, भिंगरी सरावात पुन्हा पडली.

मैदानावरच्या शिक्षिकाबाई काळजी घेणाऱ्या होत्या. आईनं मावशीच्या नावानं दिलेला निरोप त्यांनी नीट लक्षात ठेवला होता. त्यांनी तिला आडवं केलं, पाय दप्तरावर ठेवले, तोंडावर पाणी मारलं, भोवती जमलेल्या मुलींना मागे सारलं आणि तिचा हात हातात घेऊन वाट पाहिली. मधूनच तिच्या घशातून घोरल्यासारखा आवाज येई. बाईंना वाटलं, श्वास घेतेय. तो श्वास नव्हता. थांबलेल्या हृदयाच्या माणसाची ती शेवटची ओढ असते, आणि तेव्हा पाय वर करून भागत नाही, छाती दाबावी लागते. ओठ निळे पडले तेव्हा एक मुलगी किंचाळली. तोवर आठ मिनिटं गेली होती. रुग्णवाहिका आली, तिच्यातल्या दोघांनी छाती दाबली, विजेचे झटके दिले. भिंगरीला आणलं ते मावशीच्याच रुग्णालयात. मावशीच्या खोलीवरून ती चाकांची खाट धडधडत गेली, तेव्हा मावशी आत एका बाईला "श्वास रोखू नका, सैल पडा" असं सांगत होती.

दुपारी शिक्षिकाबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मावशीला पाहून त्या उठल्या. "तुम्हीच सांगितलं होतं ना हो? मी अगदी तसंच केलं. पाय वर केले. तसंच केलं मी." त्या दोष देत नव्हत्या. कुणीतरी 'हो' म्हणावं, एवढंच त्यांना हवं होतं.

"हो," मावशी म्हणाली. "मीच सांगितलं होतं."

ताई चार हात अंतरावर उभी होती. तिनं ते ऐकलं.

भिंगरीच्या शवविच्छेदनात काही सापडलं नाही. हृदय आकारानं, पडद्यांनी, नळ्यांनी धडधाकट. डॉक्टरांनी मावशीला खोलीत बोलावून दार लावून घेतलं.

"हृदयाच्या विजेत दोष असला तर मागे खूण राहत नाही," ते म्हणाले. "तुमच्या घरात आणखी कुणी?"

मावशी 'नाही' म्हणणार होती. मग तिला दादा आठवला. त्या दोघींचा भाऊ, एकोणीस वर्षांचा, माशासारखा पोहणारा. एका दुपारी तळ्यात उडी मारली ती मारलीच, वर आलाच नाही. पायात गोळा आला असेल, असं सगळे म्हणाले होते, आणि बावीस वर्षं घरात तेच बोललं गेलं. मावशीनं ते डॉक्टरांना सांगितलं.

"तुमची बहीण आणि धाकटी भाची. दोघींचा ईसीजी याच आठवड्यात हवा," डॉक्टर म्हणाले. "तुमचाही."

ताई दोन वेळा नाही म्हणाली. तिसऱ्या वेळी मावशी तिच्या दारात नुसतीच उभी राहिली. धाकटी, अकरा वर्षांची, आतून बाहेर आली आणि म्हणाली, "आई, मला जायचंय. मलापण पळताना धडधडतं." ताईनं चपला घातल्या.

रुग्णालयात मावशीनं दुसऱ्या तंत्रज्ञ बाईंना बोलावून ठेवलं होतं. ताई खाटेवर आडवी झाली आणि छताकडे बघत म्हणाली, "तू काढ. तुझ्या हातानं काढ."

मावशीनं जेल लावलं, चिमटे लावले. बहिणीचं मनगट तिच्या हातात थंडगार होतं. पट्टी बाहेर यायला लागली आणि वाचायची गरजच पडली नाही. प्रत्येक ठोक्यानंतर हृदय पुन्हा विजेनं सज्ज व्हायला थोडा वेळ घेतं. उंच सुळक्यामागून येणारी बुटकी लाट हे त्या सज्जतेचं चिन्ह. ताईच्या पट्टीवर ती लाट उशिरा, फार उशिरा खाली उतरत होती. धाकटीची पट्टी आली, तीही तशीच. त्या लांबलेल्या वेळात पळणं, बुडी, दचकणं, काहीही निमित्त होऊन ठोक्यांचा ताल बिघडतो, आणि हृदय आकसायचं सोडून नुसतं थरथरत राहतं. डॉक्टरांनी मोजपट्टी लावून आकडे लिहिले. एक पाचशे मिलिसेकंदांच्या जवळ, एक पाचशेच्या वर; तो वेळ साडेचारशेच्या आत असायला हवा.

"मला तर कधीच काही झालं नाही," ताई म्हणाली.

"काहींना जन्मभर होत नाही. पण मुलांत उतरायची शक्यता निम्मी असते."

"म्हणजे माझ्यातून गेलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं."

"हिला माहीत होतं," ताई म्हणाली. मावशीकडे तिनं पाहिलंही नाही.

सगळ्यांत शेवटी मावशी स्वतः खाटेवर झोपली. तिची पट्टी सरळ, नेटकी, हवी तशी होती. एका पट्टीवर विसंबून चालणार नाही, जनुकांची तपासणी करू, असं डॉक्टर म्हणाले. तीही पुढे निर्दोष आली. तो कागद हातात घेऊन मावशी रुग्णालयाच्या जिन्यात बसली. आपल्यात निघालं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. मग ताईला दाखवायला काहीतरी असतं.

धाकटीला रोज हृदयाचा वेग आवरणारी गोळी सुरू झाली, ताईलाही. धावण्याच्या शर्यती बंद, एकटीनं पाण्यात उतरणं बंद. धाकटीच्या उशाजवळचं गजराचं कर्कश घड्याळ ताईनं काढून टाकलं, आता ती स्वतःच मुलीला हलक्या हातानं उठवते. गोळी चुकली तर काय होईल हे आता अकरा वर्षांच्या पोरीला माहीत आहे, आणि कोणत्याही खेळाच्या तासाला ती भिंतीला टेकून बसते. शाळेत सगळ्या शिक्षकांना छाती दाबायला शिकवलं. शिक्षिकाबाई पहिल्या रांगेत होत्या. रबरी बाहुल्यावर त्यांचे हात इतके जोरात पडत होते की शिकवणाऱ्यानं त्यांना दोनदा थांबवलं.

ताई मावशीशी बोलणं सोडून बसली आहे. फक्त औषधांचं काही असलं की फोन येतो. हृदयाचा हा दोष असलेल्यांनी कोणती औषधं घ्यायची नाहीत, याची मोठी यादी असते आणि ती मावशीला तोंडपाठ आहे.

परवाही आला. "धाकटीचा घसा सुजलाय. इथल्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिलीय. चालेल का?" ताईनं नाव अक्षर अक्षर वाचून दाखवलं.

"नको. ही यादीत आहे. त्यांना हिचा आजार सांग आणि दुसरी मागून घे."

"बरं."

"ताई, ताप किती आहे? मी येऊ का?"

पलीकडे धाकटी आतून "आई" म्हणाली, आणि ताईनं फोन ठेवला.