हूक खाली, हळू

सोडून देणं ही माणसाच्या आयुष्यातली सर्वांत अवघड विद्या आहे. ज्याला सोडता आलं, त्याला सगळं मिळालं. हे वाक्य फिजिओथेरपिस्टच्या खोलीत छताला चिकटवलेलं होतं. छतालाच का, हे उताणं पडून गुडघे वर घेतल्यावर कळत असे. टॉवर क्रेनचा ऑपरेटर तसाच पडला होता. कमरेखाली फक्त एक चादर होती आणि हातमोजा घातलेलं एक बोट अशा ठिकाणी होतं, जिथे पोचल्यावर माणसाला कोणतंही सुवचन पटतं.

"दुखतंय का काका?"

"नाही."

"तुम्ही श्वास रोखून धरलाय."

"मग दुखतंय."

"हे बघा, पुढच्या हाडापासून माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. लघवी-संडासच्या वाटा तिच्यातूनच जातात. माणूस मोकळा बसला की ती सैल असते." बोट जरा सरकलं. ऑपरेटरला छतावरचं वाक्य दोनदा दिसलं. "तुमची झोळी नाही राहिली. फळी झालीय."

ऑपरेटरला साइटवर सगळे 'वरचे' म्हणत. वरच्यांची मर्जी असेल तर सळई येईल, वरचे कोपले तर काँक्रीट लोंबकळत राहील, असे विनोद खालची मंडळी बावीस वर्षं करत होती आणि तेवढीच वर्षं त्यांवर हसत होती. वरच्यांची खोली जमिनीपासून साठ मीटरवर, चारी बाजूंनी आणि पायाखालीसुद्धा काचेची. चढायला दोनशेच्या वर पायऱ्या. सकाळी एकदा वर गेलं की जेवणापर्यंत खाली नाही आणि जेवून वर गेलं की सुटीपर्यंत नाही. इतर ऑपरेटर बाटली ठेवत. वरच्यांना ते जमलं नाही. काचेच्या खोलीत, खाली चाळीस माणसं माना वर करून उभी असताना, माणसाने काही गोष्टी करू नयेत असं त्यांचं मत होतं. म्हणून ते धरून ठेवत. आणि धरून ठेवण्याची अशी सवय लागली की सुटीच्या दिवशी, संडास चार पावलांवर असतानाही, ते धरूनच असत.

दुखणं सुरू झालं ते बसतो त्या भागाच्या मधोमध. चारचौघांत बोट दाखवता येत नाही अशी ती जागा. लिंबावर बसल्यासारखं वाटायचं. मग धार अडायला लागली. घाई वाटावी, जावं, उभं राहावं आणि काहीच घडू नये. मागे रांग असली तर मुळीच नाही. दोन डॉक्टर झाले. दोघांनीही प्रोस्टेटवर संशय घेतला आणि अँटिबायोटिकचे चार कोर्स दिले. लघवी तपासली, सोनोग्राफी झाली. रिपोर्ट इतके स्वच्छ की चौकट करून भिंतीवर लावावेत. दुखणं मात्र जागचं हललं नाही.

मग मेहुणा आला. मेहुण्याने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता.

"भावोजी, खालचे स्नायू ढिले पडलेत तुमचे. आवळायचे. दिवसातून तीनशे वेळा."

"तू करतोस?"

"मला काय झालंय?"

वरच्यांनी आयुष्यात एकही काम अर्धवट केलं नव्हतं. ते प्रत्येक लोड उचलताना आवळू लागले. महिन्याभरात लिंबाचं नारिंग झालं आणि पहिला थेंब पडायला तीन मिनिटं लागू लागली. तिसऱ्या डॉक्टरने हे ऐकून कपाळाला हात लावला आणि चिठ्ठी लिहून त्यांना इकडे धाडलं.

"आवळणं आजपासून बंद," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "घट्ट झालेल्या स्नायूला आणखी घट्ट करत होता तुम्ही. आपल्याला उलटं शिकायचंय."

"किती दिवसांत?"

"तीन महिने धरा. कधी जास्तही लागतात."

"माझ्याकडे सहा आठवडे आहेत."

सहा आठवड्यांनी वैद्यकीय तपासणी होती. ती दर दोन वर्षांनी होई आणि तिच्याशिवाय परवाना पुढे सरकत नसे. डोळे, कान, रक्तदाब यांची वरच्यांना फिकीर नव्हती. धास्ती होती ती बाटलीची. अर्ध्या तासात बाटली रेघेपर्यंत भरून द्यायची, तीही तिथल्या माणसाच्या देखत, म्हणजे दुसऱ्याची आणून दिली असं व्हायला नको. नाही भरली तर फॉर्मवर 'नकार' असा शिक्का बसतो आणि ऑपरेटर खाली येतो. मागच्या खेपेला वरच्यांना सत्तावीस मिनिटं लागली होती. तेव्हा तर नुसतं लिंबू होतं.

फिजिओथेरपिस्टने पत्र दिलं की या गृहस्थांना स्नायूंचा त्रास आहे, सवलत द्यावी. तपासणी केंद्राने ते परत पाठवलं. फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

तेव्हा व्यायाम. पाठीवर पडायचं, पाय भिंतीला लावायचे, हात पोटावर. श्वास आत घेताना छातीखालचा पडदा खाली येतो; त्याच्याबरोबर ती झोळीही खाली येऊ द्यायची. ढकलायचं नाही. जोर लावायचा नाही. फक्त येऊ द्यायचं. वरचे हे इतक्या निष्ठेने करत की शिथिल होताना त्यांच्या कपाळावर शीर उठे.

"काका, जबडा सोडा. तुम्ही व्यायाम करताय की कुस्ती?"

"सोडतोच आहे."

"पायाची बोटं बघा तुमची."

बोटं मुठीसारखी वळलेली होती. तिने थोडा विचार केला.

"बरं, मला सांगा, क्रेनवरून लोड खाली कसा उतरवता?"

वरचे पंधरा मिनिटं बोलले. दोरावर हिसका येता कामा नये. ब्रेक एकदम सोडायचा नाही. लोड स्वतःच्या वजनाने उतरतो, ऑपरेटर फक्त त्याच्या आड येत नाही. बोलता बोलता त्यांचे खांदे खाली आले, बोटं उघडली.

"अगदी तसंच," ती म्हणाली. "तिथे एक हूक आहे असं समजा. हूक खाली, हळू."

ते घरी गेले आणि मंगळवारी परत आले.

"हूक उतरत नाही मॅडम."

"का?"

"खूण नाही."

ऑपरेटर आपल्या मर्जीने काही उतरवत नाही, हे त्यांनी समजावून सांगितलं. खाली सिग्नलवाला असतो. तो हात खाली करून तर्जनीने लहान वर्तुळं काढतो, तेव्हाच लोड उतरतो. बावीस वर्षांत त्यांनी खुणेशिवाय एक वीटही खाली ठेवली नव्हती.

फिजिओथेरपिस्टने कॉलेजात हे कुठे वाचलं नव्हतं, पण ती समंजस होती. "मग कुणालातरी खूण करायला सांगा."

अशा रीतीने वरच्यांची बायको बोळात उभी राहू लागली. मोरीचं दार उघडं, वरचे पाठमोरे, शेजारच्या आरशात बायको आणि तिचं बोट.

"अहो, अजून किती वेळ? दूध उतू जाईल."

"अगं, बोलू नकोस. सिग्नलवाला बोलत नसतो."

"मग तोही असाच ताटकळत असेल. पुण्य आहे त्याचं."

पण उतरलं. तिसऱ्या आठवड्यात पहिला थेंब चाळीस सेकंदांत आला, पाचव्यात पंधरा. गरम पाण्यात बसणं, फिजिओथेरपिस्टने आतल्या गाठी बोटाने दाबून सैल करणं, हे चालूच होतं. दुखण्याला दहापैकी सात मार्क होते, ते पाच झाले. एका संध्याकाळी जेवताना वरचे वीस मिनिटं सरळ बसले आणि बायकोने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"घाई नका करू," फिजिओथेरपिस्ट म्हणाली. "परीक्षा म्हटलं की तुम्ही आवळणार. तिथे श्वासाकडे लक्ष द्या. घड्याळाकडे नको."

तपासणीच्या दिवशी बायको बरोबर आली. काचेच्या दारापाशी तिला थांबवलं.

"नातेवाईक बाहेर."

"मी नातेवाईक म्हणून नाही आले," ती म्हणाली. पण पुढे कसं सांगायचं ते तिला सुचेना, म्हणून ती बाकावर बसली.

आत पांढऱ्या फरशीची खोली. समोर आरसा, मागे खुर्चीत तिथला मदतनीस. तो सकाळपासून माणसांच्या पाठी बघत होता आणि त्याला आता कुठल्याच पाठीचं काही वाटत नव्हतं.

"चला काका, रेघेपर्यंत. अर्धा तास."

वरच्यांनी डोळे मिटले. जबडा सोडला. श्वास आत, पडदा खाली. दहा मिनिटं गेली. मग मिटल्या डोळ्यांपुढे बोळ आला, बायकोचं बोट आलं, दुधाची काळजी करत लहान वर्तुळं काढणारं. दोर सुटला. हूक उतरला. बाटलीत आवाज झाला आणि तो चालू राहिला. वरच्यांना वाटलं, ओरडून सांगावं कुणालातरी. किती भरलं ते बघायला त्यांनी डोळे उघडले.

आरशात मदतनीस जांभई देत होता. त्याने दोन्ही हात खांद्याच्या रेषेत पसरले होते, तळवे खाली, आणि आळस पुरता जाण्यासाठी ते पुढे-मागे हलवत होता.

क्रेनच्या कामात ही तातडीने थांबण्याची खूण आहे. बाकीच्या खुणा फक्त सिग्नलवाल्याच्या पाळायच्या. ही कुणीही केली, रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने केली, तरी पाळायची. विचारायचं नाही, कारण विचारेपर्यंत खाली माणूस मेलेला असतो. वरच्यांना हे शिकवावं लागत नव्हतं. त्यांच्या झोळीने जागच्या जागी ब्रेक लावला.

पुन्हा काही सुरू झालं नाही. श्वास, पडदा, बोळ, बोट, सगळं करून झालं. फळी ती फळीच. अर्धा तास झाल्यावर मदतनीसाने बाटली उजेडात धरली.

"वीस. रेघ चाळीसची आहे काका."

"थोडं थांबलात तर..."

"मी थांबेन हो. फॉर्म थांबत नाही." त्याने बाटली बेसिनमध्ये ओतली आणि शिक्का मारला. माणूस वाईट नव्हता. जाताना म्हणाला, "पाणी जास्त पीत जा."

वरचे खाली आले. साइटवर त्यांना सिग्नलवाला केलं. वर दुसरा ऑपरेटर चढला. त्यालाही मंडळी 'वरचे'च म्हणू लागली, कारण विनोद तेच होते. वरच्यांना आता नाव उरलं नाही. ते दिवसभर हात खाली करून बोट फिरवत. सगळ्यांचे लोड उतरत. संडास दहा पावलांवर होता आणि त्याच्या दारात कायम रांग असे. दुखणं पाचावरून पुन्हा सातावर गेलं.

पुढच्या मंगळवारी छतावरचं वाक्य वाचता वाचता त्यांनी फिजिओथेरपिस्टला सगळं सांगितलं. तिने हात थांबवला नाही.

"कशासाठी होती ती बाटली? नशापाण्याची तपासणी?"

"नाही. साखर आणि प्रथिनं."

"मग चाळीस कशाला? त्याला कागदाची पट्टी बुडवतात फक्त. ती रेघ दुसऱ्या तपासण्यांसाठी असते, बाटली सगळ्यांना एकच देतात. साखरेला दहा मिलीलिटर पुरतात." मग ती म्हणाली, "श्वास सोडा काका."

बाटलीत वीस होते.