माझा शब्द हीच वॉरंटी

माझे भावोजी मोबाइलमधले जाणकार आहेत, असं ते स्वतः सांगतात. दुसऱ्या कुणी अजून सांगितलेलं नाही.

ताई पार्सलं पोचवते, घर त्याच्यावरच चालतं. तिचा फोन शनिवारी बंद पडला तो पडलाच. सोमवारी कामाच्या अ‍ॅपवर हजेरी लागली नाही तर तिचा भाग दुसऱ्याला जाणार होता. वर्षभर जिने चढून मिळवलेला भाग! म्हणून रविवारी आम्ही तिघं निघालो. भावोजी पुढे, शहाणपण पाजळत.

मोबाइल कंपनीच्या दुकानात ताईच्या बजेटात नवा फोन होता, वर्षाची वॉरंटीही होती. पण मेमरी इतकी कमी, की नकाशा आणि अ‍ॅप एकदम उघडताच तो धापा टाकायला लागला. तेवढ्याच पैशात जुना पण दमदार फोन बरा, असं भावोजी म्हणाले. मलाही तेच पटलं, याचं मला वाईट वाटलं.

मग त्यांनी आम्हाला त्यांच्या ‘खास माणसा’कडे नेलं. काचेखालच्या प्रत्येक फोनवर ‘रिफर्बिश्ड’ची, म्हणजे जुना फोन दुरुस्त करून विकायला ठेवल्याची, चिकटपट्टी होती. खास माणसाने एक चकचकीत खोकं काढलं.

“वॉरंटी किती?” मी विचारलं.

“मॅडम, माझा शब्द हीच वॉरंटी.”

“मग तो शब्द बिलावर लिहा. फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख-नंबरही टाका.”

“घरच्या माणसांना बिल कशाला?”

तो नंबर बघायला मी त्या फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबलं. स्क्रीनवर एक नंबर, खोक्यावर भलताच.

“खोकी बदलली असतील,” तो म्हणाला.

“हिचा स्वभावच संशयी आहे, मनावर घेऊ नकोस,” भावोजींनी त्याची समजूत काढली. त्याची! ताईने खोकं परत सरकवलं.

पुढच्या चौकातल्या रिफर्बिश्ड दुकानात मागेच दुरुस्तीचं टेबल होतं. काउंटरवरच्या बाईने तपासलेल्या भागांची यादी दिली, बॅटरी अठ्ठ्याऐंशी टक्के दाखवली, बिलावर नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहिली. “पडला किंवा भिजला तर आम्ही काही देणार नाही,” असंही आधीच सांगितलं. काय मिळणार नाही हे सांगणाऱ्या दुकानदारावर माझा चटकन विश्वास बसतो. ताईने तो फोन घेतला.

“दीड हजार जास्त मोजून कागद विकत घेतलास,” भावोजी रस्ताभर कुरकुरत होते.

दोन महिन्यांनी फोनचा माइक गेला. गिऱ्हाइकांना ताईचा आवाज ऐकू जाईना. तिने फोन आणि बिल नेलं. दुकानाने नंबर जुळवला, तासाभरात फुकट माइक बदलला. दुपारच्या फेरीला ती हजर होती.

संध्याकाळी मी त्यांच्याकडेच होते. भावोजी सोफ्यावर पाय पसरून म्हणाले, “बिघडलाच ना शेवटी? माझ्या माणसाकडून घेतला असतास तर?”

“तर आज मी घरी बसले असते,” ताई बूट काढत म्हणाली. “तुमच्यासारखी.”

भावोजींनी सोफ्यावरचे पाय खाली घेतले. मला फार बरं वाटलं.