घर दादाला, सही माझी

बाबांनी बक्षीसपत्राचा कच्चा कागद पुढे ठेवला, तेव्हा मी आईच्या स्वेटरला बटण लावत होते. मी कपडे शिवते. माझं दुकान आई-बाबांच्या घरापासून दोन गल्ल्यांवर. कागदात अख्खं घर दादाला दिलं होतं, आत्ताच.

"म्हातारपणी तोच बघणार ना आम्हाला," आई म्हणाली.

माझ्या पोटात दुखलं, आणि ते पित्ताचं नव्हतं. दादा दूरच्या शहरात राहतो, रविवारी फोन करतो. तो एक फोन आई आठवडाभर पुरवून सांगते. मी रोज सकाळी तिच्या डोळ्यांत औषध घालते, पण त्यात सांगण्यासारखं काय असतं?

"दादाच का?" मी विचारलं. सुरुवातच चुकली.

"तुला हेवा वाटतो त्याचा," आई म्हणाली.

याआधी दोनदा तिने हेच म्हटलं, तेव्हा मी नाही म्हटलं होतं आणि बोलणं तिथेच संपलं होतं. या वेळी म्हटलं, "हो, वाटतो. लहानपणापासून वाटतो. तो हेवा बाजूला ठेवा. दादा चांगलाच आहे. पण तो उद्या अंथरुणाला खिळला, किंवा तुमच्याआधी गेला, तर घर वहिनीच्या आणि मुलांच्या हातात. मग तुम्ही कुणाच्या घरात राहाल?"

"अभद्र बोलू नकोस," आई म्हणाली.

बाबांनी मात्र चष्मा काढला. "मग काय करायचं म्हणतेस?"

"बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर हातचं गेलं. मृत्युपत्र केलंत तर शेवटपर्यंत तुमचंच, मन बदललं तर कागदही बदलता येतो. आणि दादाला विचारा, त्याला काय जमेल. आजवर कुणी विचारलंय त्याला?"

बाबांनी लगेच फोन लावला, स्पीकरवर. आम्हाला सांभाळणं तुला जमेल का, असं थेट विचारलं.

"बाबा, माझ्या नोकरीचा भरवसा नाही," दादा म्हणाला. "तुम्हाला इथे आणायचं तर जागाही नाही. सांगायची लाज वाटत होती."

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंद झाला. मग आईचा चेहरा दिसला.

पुढच्या आठवड्यात आम्ही वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. त्यांनी मृत्युपत्र वाचून दाखवलं. बाबा आहेत तोवर घर बाबांचं, नंतर आई हयातभर त्यात राहणार, आणि दोघांच्या मागे दादाचं. मी नीट ऐकलं. माझं नाव कुठेच नव्हतं.

"साक्षीदार दोन लागतील," बाई म्हणाल्या. "एक आमचा कारकून. दुसरा असा हवा, ज्याला यातलं काही मिळत नाही."

आईने माझ्याकडे बोट केलं. "हिची सही चालेल?"

"या कोण तुमच्या?"

"मुलगी."

बाईंनी कागद परत वरपासून खालपर्यंत वाचला. मग पेन माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "चालेल."